सोमवारी सकाळी काय बोलावं : प्रस्तावना

वर्षाचे आठवडे ५२, म्हणून या पुस्तिकेत वाक्यंही ५२. दर सोमवारी एक. सेल्स टीमची साप्ताहिक मीटिंग सुरू होताना ते फळ्यावर लिहावं, मोठ्यानं वाचावं, त्यावर दोन-चार मिनिटं बोलावं आणि कामाला लागावं, एवढाच त्यांचा उपयोग. यातल्या काही जुन्या म्हणी आहेत, काही वाक्यं बीटवर फिरणाऱ्या माणसांच्या तोंडून उचललेली आहेत, तर काही गरज पडली तशी घडवली आहेत. ती कुणासाठी आहेत, कशी निवडली आणि कोणती मुद्दाम वगळली, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

आधी कुणासाठी, ते. सेल्सचं क्षेत्र अफाट आहे. फ्लॅट विकणारा, विमा विकणारा, कारखान्याला पंप विकणारा असे सगळेच सेल्समन. त्या सगळ्यांना लागू पडणारं वाक्य बहुधा कुणालाच नीट लागू पडत नाही. म्हणून या पुस्तिकेतला सेल्समन ठरलेला आहे. तो तालुक्याच्या गावातल्या एका वितरकाकडे काम करतो. बिस्किटं, साबण, चहा, मसाले, फरसाण असा रोजच्या वापराचा माल किराणा दुकानांना पोचवतो. आठवड्याचे सहा दिवस, सहा बीट. एकेका बीटवर तीस-चाळीस दुकानं. सोमवारचं दुकान सोमवारी, मंगळवारचं मंगळवारी. फ्लॅट विकणाऱ्याची आणि गिऱ्हाइकाची पुन्हा गाठ पडेलच असं नाही. हा सेल्समन मात्र पुढच्या मंगळवारी त्याच काउंटरपुढे उभा असतो. पुस्तिकेतलं प्रत्येक वाक्य याच कसोटीवर घासून घेतलं आहे.

अशा टीमची मीटिंग बहुतेक ठिकाणी गोडाऊनमध्येच होते. सकाळी नऊ-साडेनऊची वेळ, कुणी खुर्चीवर, कुणी पेट्यांवर टेकलेला, बाहेर टेम्पो भरला जातोय. मॅनेजर मोबाइलमधला रिपोर्ट वाचतो : कुणाचं टार्गेट किती, झालं किती, गॅप किती. मग दोन वाक्यं उत्साहाची. ही दोन वाक्यं बहुधा तयारीशिवाय येतात आणि म्हणूनच नेहमीची येतात. "काहीही करून नंबर पाहिजे." "या आठवड्यात नाही तर कधीच नाही." "बाकीचं सगळं बाजूला ठेवा." बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्यालाही वरून तेच ऐकवलेलं असतं.

पण ही वाक्यं गोडाऊनमध्येच राहत नाहीत. मंगळवारी सकाळी सेल्समन बीटवर पहिल्या मोठ्या दुकानात शिरतो. "शेठ, या वेळी दोन पेट्या जादा घ्या. उद्यापासून रेट वाढतोय." शेठ चष्म्यावरून बघतात. "कोण म्हणालं?" "वरून आलंय." शेठ क्षणभर विचार करतात आणि दोन पेट्या उतरवून घेतात. सेल्समनचा दिवस साजरा होतो. पुढच्या मंगळवारी रेट तोच असतो. शेठ भांडत नाहीत, आठवणही करून देत नाहीत. "आज काही नको, माल आहे," एवढंच म्हणतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाची साखर जोखायला लागतात. दोन महिन्यांनी रेट खरोखरच वाढणार असतो. सेल्समन जीव तोडून सांगतो आणि शेठ हसतात.

रेट वाढल्याची थाप सेल्समननं मारली हे खरं. पण तिचा कच्चा माल त्याला सोमवारी गोडाऊनमध्येच मिळाला होता. त्याला सांगितलं गेलं, "काहीही करून"; त्यानं काहीतरी केलं. त्याच्यासमोर नसलेली घाई उभी केली गेली. त्यानं ती पुढे दुकानदारासमोर उभी केली. ही पुस्तिका करण्यामागचा सगळा विचार एवढाच आहे : सोमवारी टीमला जे बोललं जातं, तेच मंगळवारी दुकानदाराला ऐकू येतं. म्हणून सोमवारचं वाक्य निवडताना दुकानदार समोर बसला आहे असं समजूनच ते निवडायला हवं.

एखादं वाक्य एवढं काम करतं का, अशी शंका येईल. विक्रीच्या इतिहासात वाक्यांनी दोन्ही बाजूंनी काम केलेलं आहे. अमेरिकेतल्या नॅशनल कॅश रजिस्टर या कंपनीत १९११ च्या डिसेंबरमध्ये एक विक्रीची मीटिंग चालली होती. विक्री आणि जाहिरात बघणारे टॉमस वॉटसन तिथं होते. मीटिंग रटाळ झाली होती, कुणाला काही सुचत नव्हतं. वॉटसन उठले आणि म्हणाले की आपली सगळ्यांची अडचण एकच, आपण पुरेसा विचार करत नाही. 'थिंक' हा त्यांचा एका शब्दाचा घोषमंत्र तिथला. पुढे ते ज्या कंपनीत गेले ती आयबीएम झाली आणि हा शब्द तिथल्या भिंतींवर, टेबलांवर कित्येक दशकं राहिला. त्या शब्दात तारीख नाही, आकडा नाही, कुणाला टोमणा नाही. ऐकणाऱ्यानं आज काय करायचं, एवढंच आहे.

दुसरी बाजू वेल्स फार्गो या बँकेची. प्रत्येक ग्राहकाकडे बँकेची आठ उत्पादनं असावीत, असं ध्येय तिथं ठेवलेलं होतं. आठच का? बँकेच्या २०१० च्या वार्षिक अहवालात याचं उत्तर आहे : इंग्रजीतल्या 'एट'चं 'ग्रेट'शी यमक जुळतं. म्हणजे ग्राहकाला किती खाती लागतात हे बघून नव्हे, तर कानाला काय बरं वाटतं हे बघून आकडा ठरला. शाखांमधल्या लोकांवर त्या आकड्याचा दाब येत गेला आणि त्यांनी ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावावर खाती उघडायला सुरुवात केली. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८ कोटी ५० लाख डॉलरचा दंड झाला, तेव्हा अशा खात्यांचा अंदाज सुमारे २० लाखांचा होता आणि त्यापायी सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना आधीच काढून टाकलेलं होतं. यमक जुळलं, हिशेब जुळला नाही. वाक्य सुंदर आहे म्हणून ते फळ्यावर लिहू नये, एवढा धडा त्यातून घेता येतो. या पुस्तिकेतली काही वाक्यं ओबडधोबड वाटतील, त्याचं कारण हेच.

खोटी घाई म्हणजे काय, हे ठरवायला आता आपल्याकडे सरकारी कागदाचाही आधार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन व्यवहारांतल्या फसव्या युक्त्यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात अशा १३ युक्त्यांची यादी आहे आणि यादीत पहिलंच नाव खोट्या घाईचं आहे : माल संपत आल्याचा किंवा वेळ संपत आल्याचा खोटा भास निर्माण करून गिऱ्हाइकाला ताबडतोब खरेदी करायला लावणं. सूचना ऑनलाइन विक्रीसाठी आहेत, गोडाऊनमधल्या मीटिंगसाठी नाहीत. पण पडद्यावर जे गैर, ते काउंटरवर बरोबर कसं होईल?

मात्र सगळीच घाई खोटी नसते, हेही लगेच सांगायला हवं. नाहीतर मीटिंगमध्ये कोणतीच तारीख उच्चारायची नाही, असा उलटा सोस सुरू होईल. स्कीम ३१ तारखेला बंद होते, ही खरी तारीख आहे. दिवाळीच्या आधी फराळाचं सामान दुकानात पोचलं नाही तर नंतर त्याला विचारणारं कुणी नाही, ही खरी घाई आहे. फरसाणाच्या पाकिटांची मुदत सहा आठवड्यांवर आली आहे, हीही खरी घाई आहे. दोन्हींतला फरक ओळखायला तीन प्रश्न पुरतात. ही तारीख कुणी ठरवली? ती कुठे लिहिलेली आहे का? आणि ती उलटून गेली तर दुसऱ्या दिवशी दुकानदाराचं नेमकं काय नुकसान होईल? स्कीमची तारीख कंपनीच्या पत्रात छापलेली असते आणि दुसऱ्या दिवशी डझनामागचं एक पाकीट मिळणं बंद होतं. महिनाअखेरीची तारीख मात्र फक्त आपल्या रिपोर्टवर असते. ३० तारखेऐवजी २ तारखेला माल घेतला तर दुकानदाराचं काहीही बिघडत नाही, बिघडतो तो आपला तक्ता. ती आपली निकड आहे, त्याची नाही. ती टीमला मोकळेपणानं सांगायला हरकत नाही. तिला दुकानदाराची निकड म्हणून सांगणं हा खोटेपणा झाला.

आता निवडीविषयी. मराठीत म्हणींना तोटा नाही आणि उत्साहाच्या घोषणांना तर मुळीच नाही. त्यातून काय घ्यायचं हे तीन गोष्टींवरून ठरवलं. वाक्य अशा कामाबद्दल हवं की जे सेल्समनच्या हातात आहे. किती दुकानं चढायची हे त्याच्या हातात आहे. दुकानदार हो म्हणेल की नाही, हे नाही. दुसरं, वाक्य कामाबद्दल हवं, माणसाबद्दल नको; आळशी, बिनकामाचा, मर्द असशील तर, असली भाषा कोणत्याही वेषात नको. आणि तिसरं, ते वाक्य दुकानदारापुढे जसंच्या तसं म्हणता यायला हवं. या तिसऱ्या अटीनं सर्वांत जास्त वाक्यं गाळली.

पहिल्या फटक्यात गेलं ते "करेंगे या मरेंगे". गांधीजींनी तो मंत्र ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर दिला, तेव्हा समोर परकी सत्ता होती. साबणाच्या वड्यांसाठी तो वापरणं हे त्या मैदानाशीही प्रामाणिक नाही आणि साबणाशीही नाही.

त्यानंतरचा नंबर "आधी लगीन कोंढाण्याचं" याचा. सेल्सच्या मीटिंगमध्ये हे वाक्य किती वेळा येतं, हे ज्यांनी मीटिंगा केल्यात त्यांना ठाऊक आहे. ते बहुधा कुणी रजा मागितली की येतं. भाचीचं लग्न असतं, आईचं डोळ्याचं ऑपरेशन असतं, महिन्याची २८ तारीख असते आणि वरून तानाजीचं नाव घेतलं जातं. तानाजी मालुसऱ्यांनी १६७० मध्ये सिंहगडासाठी घरचं लग्न बाजूला ठेवलं ते स्वतःहून, कुणी टोमणा मारला म्हणून नव्हे. आणि तो गड होता, मासिक टार्गेट नव्हतं. टार्गेट पुढच्या महिन्याच्या एक तारखेला पुन्हा शून्यावरून सुरू होतं. शिवाय त्याच कथेतलं दुसरं वाक्य, गड आला पण सिंह गेला, हे कुणीच फळ्यावर लिहीत नाही. टार्गेट पूर्ण झालं आणि सर्वांत चांगल्या सेल्समननं नोकरी सोडली, हा प्रकार या धंद्यात दुर्मीळ नाही. ही दोन्ही वाक्यं इतिहासातच राहू द्यावीत, असं वाटलं.

"टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही" ही म्हण वगळताना थोडा विचार करावा लागला, कारण ती खोटी नाही. पण ती बोलतं कोण, यावर तिचा अर्थ ठरतो. सोसणाऱ्यानं स्वतःबद्दल म्हटली तर धीर; घाव घालणाऱ्यानं म्हटली तर सबब. मीटिंगमध्ये ती कायम दुसऱ्या प्रकारानंच येते. "नाचता येईना अंगण वाकडे" ही उघडच टोमण्याची म्हण. तिच्यात आणखी एक अडचण आहे : कधीकधी अंगण खरोखरच वाकडं असतं, त्याबद्दल पुढे बोलू.

ठेवलेल्या म्हणींमध्ये पहिली आहे "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार". ही म्हण जणू बीटवर फिरणाऱ्यासाठीच केलेली आहे. ज्या दुकानात पायच ठेवला नाही तिथून बिल निघणार नाही, एवढं साधं ती सांगते. बिल का नाही निघालं म्हणून रागावत नाही. "काखेत कळसा गावाला वळसा" ही नवीन दुकानांच्या मागे धावताना जुन्या दुकानांकडे दुर्लक्ष होऊ लागलं की काढायची. एखादा दुकानदार गेली चार वर्षं आपला चहा घेतो आणि मसाला दुसऱ्या कंपनीचा घेतो, कारण आपल्याकडे मसाला आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. "पी हळद अन् हो गोरी" ही मॅनेजरनं स्वतःला ऐकवायची म्हण आहे : नवीन बीट लावून दोन आठवडे झाले नाहीत तोवर निकाल मागू नये. "बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी" हीसुद्धा त्याच्याचसाठी, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वर अंदाज कळवताना उपयोगी. म्हणीतल्या भटजींचं वागणं आज कुणाला आवडणार नाही. पण न विकलेल्या मालाचा आकडा सांगून तो टीमकडून वसूल करणं तरी त्याहून बरं कुठे आहे?

"थेंबे थेंबे तळे साचे" ठेवली, पण एका अटीवर. ही म्हण इतकी घासली गेली आहे की नुसती ऐकवली तर कुणाचं लक्षही जात नाही. थेंब म्हणजे नेमकं काय, हे त्या आठवड्यात आकड्यानिशी दाखवता आलं तरच ती वापरावी. ते कसं दाखवायचं, याचं एक उदाहरण सविस्तर करून बघू, कारण बाकीच्या वाक्यांचाही वापर याच पद्धतीनं करायचा आहे.

समजा, एका सेल्समनच्या बीटवर रोज ३६ दुकानं आहेत. त्यातल्या सरासरी २० दुकानांत बिल निघतं, सरासरी बिल ६५० रुपयांचं. म्हणजे रोजची विक्री १३,००० रुपये आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर ३,२५,०००. टार्गेट आहे ३,६०,०००. गॅप ३५,००० रुपये. नेहमीच्या मीटिंगमध्ये हा ३५ हजारांचा आकडा मोठ्यानं वाचला जातो आणि "काहीही करून" हे शब्द त्याला चिकटतात. सेल्समन मग महिनाअखेरीला चार-पाच ओळखीच्या मोठ्या दुकानांत उधारीवर माल उतरवतो. तक्ता भरतो. पुढच्या महिन्याचे पहिले दहा दिवस ती दुकानं काही घेत नाहीत, त्यातला थोडा माल मुदत संपून परत येतो आणि उधारी वसूल करायला फेऱ्या पडतात त्या वेगळ्या.

त्याऐवजी दुसरा प्रश्न विचारायचा : उरलेल्या १६ दुकानांत बिल का निघत नाही? सेल्समनसोबत एक दिवस बीटवर फिरलं की उत्तर मिळतं. समजा, रोजच्या बीटवर साधारण असंच निघालं, की चार दुकानं तो पोचतो तेव्हा बंद असतात, कारण दुपारी एक ते चार तिथं झोपेची वेळ. तीन दुकानं बीटच्या अगदी टोकाला आहेत आणि संध्याकाळपर्यंत पाय दमतात, तिथं तो जातच नाही. पाच दुकानांत आधीचा माल शिल्लक आहे. आणि चार दुकानदार नाराज आहेत, कारण मुदत संपलेल्या मालाचा त्यांचा क्लेम कित्येक महिने अडकलेला आहे.

आता १६ दुकानांचे चार वेगवेगळे ढीग झाले. शिल्लक माल असलेल्या पाचांना सोडून द्यायचं. तिथं जोर लावणं म्हणजेच खोटी घाई. दुपारी बंद असणारी चार दुकानं बीटचा क्रम उलटा केला की सकाळी येतात. टोकाची तीन दुकानं त्याच बदलात निम्मी सोपी होतात. ही सात दुकानं सेल्समनच्या हातातली. रोजच्या बीटवर सातांपैकी तिघांनी जरी बिल दिलं आणि ते लहान, ४०० रुपयांचंच धरलं, तरी दिवसाला १,२०० आणि महिन्याला ३०,००० रुपये होतात. ३५ हजारांचा डोंगर होता, तिथं आता रोजची तीन छोटी बिलं आली. त्या सोमवारी फळ्यावर लिहायचं वाक्य पुस्तिकेत नवव्या आठवड्याला आहे : "बीटवरची शेवटची तीन दुकानं पहिल्या तिनांइतकीच आपली." सेल्समन हे ऐकून गाडीला किक मारतो तेव्हा त्याला कुठं जायचं हे ठाऊक असतं.

राहिली ती क्लेम अडकलेली चार दुकानं. तिथं कोणतंही वाक्य उपयोगाचं नाही. सेल्समन कितीही गोड बोलला तरी दुकानदार मागच्या बिस्किटांचे पैसे विचारणारच. हे काम मॅनेजरचं आहे. त्यानं कंपनीकडे पाठपुरावा करून क्लेम सोडवले आणि रोजच्या बीटवर चारांपैकी एकानं जरी पुन्हा ४०० रुपयांचं बिल सुरू केलं, तरी महिन्याला १०,००० रुपये होतात. दोन्ही मिळून ४०,०००, म्हणजे टार्गेटपेक्षा पाच हजार जास्तच. त्यातले तीस टीमच्या मेहनतीचे आणि दहा वरिष्ठांच्या. मीटिंगमध्ये हा हिशेब असाच, दोन्ही नावांनिशी मांडला, तर उत्साह आणण्यासाठी आवाज चढवावा लागत नाही.

याच जागी या पुस्तिकेवरचा सर्वांत मोठा आक्षेप उभा आहे, आणि तो साध्या माणसाचा नाही. गुणवत्ता व्यवस्थापनाचे अमेरिकन तज्ज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी 'आउट ऑफ द क्रायसिस' या १९८६ च्या पुस्तकात व्यवस्थापकांसाठी १४ मुद्दे दिले. त्यातला दहावा असा की कामगारांसाठी लावलेल्या घोषणा, उपदेश आणि टार्गेटं काढून टाका. त्यांचं म्हणणं होतं की बहुतेक अडचणी व्यवस्थेतल्या असतात आणि त्या कामगाराच्या हाताबाहेरच्या असतात. अशा वेळी घोषणा फक्त कटुता वाढवते. वरच्या उदाहरणातली चार दुकानं म्हणजे डेमिंग यांचाच मुद्दा. अंगण वाकडं असेल तर ते सरळ करणं हे नाचणाऱ्याचं काम नाही.

हा आक्षेप मान्य करूनच ही पुस्तिका केली आहे. म्हणून इथलं एकही वाक्य टार्गेटचा आकडा सांगत नाही आणि एकही वाक्य व्यवस्थेचं काम सेल्समनच्या गळ्यात घालत नाही. ५२ पैकी काही वाक्यं तर मुद्दाम मॅनेजरसाठी आहेत आणि ती त्यानं टीमसमोर स्वतःला उद्देशून वाचावीत, अशी अपेक्षा आहे. "क्लेमचं उत्तर आधी, नवीन स्कीम मग." "माल गोडाऊनमध्ये नसेल तर तो विकायला सांगू नये." ही वाक्यं वाचताना मॅनेजरला अवघडल्यासारखं झालं, तर ती योग्य जागी पोचली असं समजावं.

बाकीच्यांची चव कळावी म्हणून थोडी इथंच देतो. "नाही म्हणणारा दुकानदार पुढच्या मंगळवारीही तिथंच असतो." नकार खाऊन आलेल्या नव्या पोरासाठी हे आहे, त्यात धीर आहे आणि जपून वागण्याची सूचनाही. "रॅकवर काय संपलं ते आधी बघा, काय विकायचं ते मग सांगा." "माल दुकानात गेला ही अर्धी विक्री. गिऱ्हाइकाच्या पिशवीत गेला की पुरी." "माहीत नसेल तर 'विचारून सांगतो' म्हणावं, आणि विचारून सांगावं." "ऑर्डर नसली तरी नमस्कार चुकवू नये." यांतलं प्रत्येक वाक्य दुकानदारानं ऐकलं तर तो मान डोलावेल. "काहीही करून नंबर पाहिजे" हे त्याच्यासमोर कुणी म्हणून दाखवावं.

वापरण्याविषयी थोडं. वाक्य मीटिंगच्या सुरुवातीला घ्यावं, आकडे वाचण्याआधी. आकड्यांनंतर घेतलं तर ज्याचा आकडा सर्वांत कमी, त्यालाच ते उद्देशून आहे असं सगळ्यांना वाटतं आणि चांगलं वाक्यही टोमणा होऊन बसतं. दर वेळी मॅनेजरनंच वाचू नये. आळीपाळीनं सेल्समननं वाचावं आणि आपल्या बीटवरचा त्याला लागू पडणारा एखादा प्रसंग सांगावा. प्रसंग आठवला नाही, तर वाक्य त्या टीमसाठी नाही. ते सोडून पुढचं घ्यावं. एका आठवड्यात एकच. आणि तेच वाक्य रात्री साडेदहाला व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा पाठवू नये. सकाळी जे धीर देतं, तेच रात्री घरी जेवताना मोबाइलवर वाजलं की दाब होतं, मग त्यातले शब्द कितीही सौम्य असोत.

वाक्य बिघडलं हे ओळखायची खूण मीटिंगमध्ये नसते, रजिस्टरमध्ये असते. टीमचे चेहरे बघून काही कळत नाही. साहेबासमोर सगळेच मान डोलावतात. त्याऐवजी तीन गोष्टी बघाव्यात. महिन्यातली किती विक्री शेवटच्या आठवड्यात एकवटते आहे, परत येणारा माल वाढतो आहे का, आणि बिल निघणाऱ्या दुकानांची संख्या रोज जवळपास सारखी राहते का. शेवटच्या आठवड्यात उसळी आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खड्डा, असं चित्र दिसलं तर कुठेतरी घाई खोटी झाली आहे. ती फळ्यावर लिहिलेली नसली तरी बोलण्यात आलेली असते. दुकानांची संख्या हळूहळू, पण सगळ्या आठवड्यांत सारखी वाढताना दिसली, तर वाक्य आणि काम दोन्ही जागेवर आहेत.

या ५२ वाक्यांनी कुणाचं टार्गेट पूर्ण होईल, असा दावा नाही. टार्गेट पूर्ण होतं ते योग्य बीट, वेळेवर माल, सुटलेले क्लेम आणि रोजची पायपीट यांनी. वाक्याचं काम त्या पायपिटीला दिशा देण्याचं आणि तिच्यात खोटेपणा शिरू न देण्याचं, तेवढंच. तेव्हा वाचकांना विनंती एवढीच : ही पुस्तिका पोथीसारखी वाचू नका. तुमच्या गावातल्या दुकानदारांसमोर जे वाक्य मोठ्यानं म्हणता येणार नाही, ते पेनानं खोडा, आणि त्या जागी तुमच्या टीममधल्या एखाद्या सेल्समननं बोलता बोलता म्हटलेलं वाक्य लिहा. ते बहुधा आमच्यापेक्षा चांगलं निघेल.